प्रश्न चुकलाय, सर!

21 फेब्रुवारी 2023 रोजी राज्य मंडळाची बारावीची परीक्षा सुरू झाली. पहिलाच पेपर इंग्रजीचा. कवितेच्या विभागात, तिसऱ्या प्रश्नात, तीन उपप्रश्नांच्या जागी भलताच मजकूर छापला गेला होता. परीक्षकांनी गुण कसे द्यावेत याच्या सूचना आणि नमुना उत्तराचा भाग तिथे होता, प्रश्न मात्र गायब. दोन-दोन गुणांचे तीन, म्हणजे सहा गुण. मुलांनी वर्गातल्या सरांना, मॅडमना विचारलं, तर अनेक ठिकाणी उत्तर मिळालं, "आम्हाला काही सांगता येत नाही." पालकांना हे फार झोंबलं. पण त्या पर्यवेक्षकांचं उत्तर नियमाला धरूनच होतं. फक्त ते अर्धं होतं.

पर्यवेक्षक म्हणजे त्या दालनापुरता मंडळाचा माणूस. साधारण पंचवीस परीक्षार्थी त्याच्या ताब्यात असतात. प्रश्नपत्रिकांचं मोहोरबंद पाकीट मुलांसमोर फोडायचं, आसन क्रमांक आणि प्रवेशपत्र ताडून पाहायचं, उत्तरपत्रिकेवर सही करायची, पुरवण्या द्यायच्या आणि त्यांची नोंद ठेवायची, ही त्याची कामं. कॉपी दिसली तर ती थांबवून केंद्रसंचालकांना कळवायचं, हेही त्याच्याकडेच. ज्या विषयाचा पेपर असतो, त्या विषयाच्या शिक्षकाला त्या दिवशी पर्यवेक्षणावर ठेवू नये, असा दंडक आहे. भौतिकशास्त्राच्या पेपरला मराठीचे सर उभे असतात ते यामुळेच. त्यांना प्रश्नातलं कळत नाही, आणि कळू नये अशीच ही व्यवस्था आहे.

म्हणूनच प्रश्नाचा अर्थ सांगणं, 'इथे अधिकऐवजी वजा धर' म्हणणं किंवा 'हा सोडून दे, गुण मिळतील' असा दिलासा देणं यांपैकी काहीही पर्यवेक्षकाला करता येत नाही. शेवटचं तर सगळ्यांत घातक. गुण द्यायचे की नाही हे मंडळ काही दिवसांनी ठरवतं, आणि तोवर त्या दिलाशावर विसंबून प्रश्न कोरा सोडलेला असतो. दुरुस्ती फळ्यावर लिहायची असेल तर ती मंडळाकडून केंद्रसंचालकांमार्फतच यावी लागते. एका वर्गात चूक सुधारली आणि शेजारच्या वर्गात सुधारली नाही, तर दोन वर्गांनी दोन वेगळे पेपर दिले असं होईल.

मग त्याला करता काय येतं? इथे छपाईची चूक आणि प्रश्नाची चूक हा फरक कामी येतो. पान कोरं आहे, शाई फासली आहे, पानं मागेपुढे लागली आहेत किंवा माध्यमच वेगळं आलं आहे, तर दोष त्या एका प्रतीत असतो. अशी प्रत बदलून मिळते, पण ते लगेच, पहिल्या काही मिनिटांत सांगायला हवं. हातात पेपर पडला की लिहायला घेण्याआधी सगळी पानं उलटून पाहावीत ती यासाठी. तासाभरानं सांगितलं तरी प्रत मिळेल, पण गेलेला वेळ परत मिळण्याची खात्री कुणी देणार नाही.

प्रश्नच चुकला असेल तर तो सगळ्या प्रतींत तसाच असतो. पर्यवेक्षकाकडे दुसरी प्रत असेल तर ती बघून हे लगेच कळतं. शेजाऱ्याच्या पेपरात डोकावून खात्री करायला जाऊ नये. त्याला गैरप्रकार म्हणायला वेळ लागत नाही. जागेवर बसूनच हात वर करावा आणि हळू आवाजात नेमकं सांगावं, "मॅडम, प्रश्न दोनमधल्या आ मध्ये चिन्ह चुकलंय असं वाटतं. केंद्रसंचालकांना कळवाल का?" 'हे काय आहे?' असं विचारलं की मॅडमना वाटतं, मुलगी उत्तर विचारते आहे. 'कळवाल का?' म्हटलं की तिला त्यांच्या अधिकारातलं काम मिळतं. पर्यवेक्षक वर्ग सोडून जात नाही. तो निरोप पाठवतो, केंद्रसंचालक विभागीय मंडळाला फोन करतात. 2023 मधलं ते अर्धं राहिलेलं उत्तर हेच, की 'मला सांगता येत नाही, पण मी वर कळवतो.'

निरोप वर जाईपर्यंत लिहायचं काय? समजा, दहावीच्या बीजगणितात x² + 4x + 5 = 0 या वर्गसमीकरणाची मुळे काढायला सांगितली आहेत. विवेचक काढला तर 16 वजा 20, म्हणजे उणे 4. वास्तव मुळे नाहीत. शेवटचं चिन्ह वजा असतं तर 1 आणि उणे 5 अशी सरळ उत्तरं आली असती, त्यामुळे चूक चिन्हाची असावी असा संशय येणं स्वाभाविक आहे. पण 'वास्तव मुळे नाहीत' हेही अभ्यासक्रमातलंच उत्तर आहे. म्हणजे संशय खरा असेलच असं नाही. अशा वेळी प्रश्न क्रमांक घालावा, समीकरण छापलंय तसं उतरवावं, विवेचक काढून दाखवावा आणि निष्कर्ष लिहावा. मनानं चिन्ह बदलून फक्त सोपं उत्तर लिहिलं आणि छापलेलंच बरोबर निघालं, तर हातचे गुण गेले. वेळ उरलाच तर खाली 'चिन्ह वजा असल्यास' म्हणून दुसरी रीत चार ओळींत मांडावी. आधी नव्हे.

उत्तरपत्रिकेत गाऱ्हाणं मात्र मांडू नये. 'प्रश्न चुकीचा आहे, कृपया पूर्ण गुण द्यावेत' असली विनंती परीक्षकाला केलेलं आवाहन ठरू शकते, आणि असं आवाहन गैरप्रकारांत मोडतं. 'दिलेल्या माहितीत वेग दिलेला नाही' ही वस्तुस्थिती झाली, ती लिहायला हरकत नाही.

2023 च्या त्या सहा गुणांचं पुढे काय झालं, ते पाहिलं की प्रश्न क्रमांकाचं मोल कळतं. विषयतज्ज्ञ आणि मुख्य नियामकांचं म्हणणं घेऊन मंडळानं चुकलेल्या प्रश्नांचे गुण द्यायचं ठरवलं, पण सरसकट सगळ्यांना नाही. ज्यांनी कवितेच्या विभागातला एखादा प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला होता, किंवा ज्यांनी त्या विभागाचा नुसता उल्लेख तरी केला होता, किंवा ज्यांनी चुकलेल्या उपप्रश्नांचे नुसते क्रमांक लिहून ठेवले होते, त्यांना. क्रमांकापुढे काहीच सुचलं नाही, तरी क्रमांक पुरला. चिडून तो सगळा विभागच कोरा सोडणाऱ्याला या निर्णयाचा आधार मिळत नव्हता.

पेपर संपल्यावर प्रश्नपत्रिका आपल्याजवळच राहते. ती जपून ठेवावी, आणि तिच्यावर आसन क्रमांकाखेरीज काही लिहिलेलं नसावं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाला अर्ज द्यावा. त्यात विषय, माध्यम, तारीख, प्रश्न आणि उपप्रश्न क्रमांक, छापलेली ओळ जशीच्या तशी, आणि चूक का वाटते ते पाठ्यपुस्तकाच्या पानाचा हवाला देऊन दोन वाक्यांत. 'पेपर फार अवघड होता' हे त्यात घुसडलं की मूळ मुद्दा पातळ होतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. घाई यासाठी, की गुणदानाच्या सूचना नियामक आणि परीक्षकांपर्यंत जाण्याआधी अर्ज पोचला तर तो विचारात घेणं सोपं जातं. उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर तीच गोष्ट पटवायला गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकनाचा लांबचा रस्ता धरावा लागतो, आणि त्याचं शुल्कही भरावं लागतं.