किती ऊस तपासावेत? टीच्या तक्त्यातून नमुन्याचा आकार

सरासरीचा अंदाज किती नमुन्यांवरून बांधावा हे तीन गोष्टींवर ठरते: अंदाज किती अचूक हवा, त्याची किती खात्री हवी आणि मोजायची गोष्ट मुळात किती कमीजास्त होते. पहिल्या दोन गोष्टी मोजणाऱ्याने ठरवायच्या असतात. तिसरी त्याच्या हातात नसते, ती शोधावी लागते. या कमीजास्तपणाचे माप म्हणजे प्रमाण विचलन. ज्याची सरासरीच अजून ठाऊक नाही, त्याचे प्रमाण विचलन आधीपासून ठाऊक असणे विरळाच.

उदाहरण म्हणून तोडणीच्या आधीचा उसाचा एक प्लॉट घेऊ. त्याचा सरासरी ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांचे शेकडा प्रमाण, काढायचा आहे. हँड रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकला की हा आकडा वाचता येतो. अंदाज खऱ्या सरासरीच्या अर्ध्या अंशाच्या आत असावा आणि विश्वासपातळी ९५ टक्के असावी, असे ठरले आहे. याचा अर्थ असा की याच रीतीने पुन्हा पुन्हा नमुने घेतले, तर शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव वेळा अंदाज त्या मर्यादेत बसावा.

प्रमाण विचलनाचा अदमास घेण्यासाठी आधी छोटी चाचणी करतात. प्लॉटमधून यादृच्छिक पद्धतीने आठ ऊस निवडले आणि त्यांचा ब्रिक्स १८.२, १९.६, १७.५, २०.१, १८.८, १९.३, १७.९ आणि २०.६ आला असे समजू. सरासरी १९.० येते. प्रत्येक आकड्याचे या सरासरीपासूनचे अंतर काढून त्याचा वर्ग केला, तर वर्गांची बेरीज ८.३६ होते. तिला आठाने नव्हे, सातने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. प्रमाण विचलन सुमारे १.०९ मिळते. आता सूत्र असे:

```
n = (t × s / E)²
```

यात n म्हणजे नमुन्यांची संख्या, s म्हणजे चाचणीतले प्रमाण विचलन आणि E म्हणजे चालणारी चूक, इथे ०.५. अडचण आहे ती t ची. प्रमाण विचलन नेमके ठाऊक असते, तर त्या जागी १.९६ हा ठरीव आकडा घालून काम भागले असते. पण ते नमुन्यावरूनच काढलेले असते तेव्हा त्याच्या स्वतःच्या अनिश्चिततेची भर पडते, आणि नमुना जितका लहान तितकी ही भर मोठी. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम सीली गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ही भर किती धरायची ते मांडले. टीचा तक्ता त्यातूनच आला. तक्त्यातला आकडा नमुन्यांच्या संख्येतून एक वजा करून, म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडम धरून, पाहतात.

इथेच पेच पडतो. संख्या काढायला टी हवा, आणि टी पाहायला संख्या हवी. समीकरण एका फटक्यात सुटत नाही. म्हणून एक संख्या धरायची, तिच्यावरून टी पाहायचा, नवी संख्या काढायची आणि ती पुन्हा त्याच सूत्रात घालायची.

उसाच्या उदाहरणात सुरुवात १.९६ पासून करू. उत्तर १८.३५ येते. अपूर्णांक नेहमी वरच्या पूर्णांकाकडे न्यायचा, म्हणून १९. एकोणीस नमुन्यांसाठी डिग्रीज ऑफ फ्रीडम १८ आणि टी २.१०१. सूत्र आता २१.०९, म्हणजे २२ सांगते. बाविसासाठी टी थोडा उतरून २.०८० होतो आणि उत्तर २०.६७, म्हणजे २१ येते. एकविसासाठी टी २.०८६, उत्तर २०.७९, पुन्हा २१. घातलेली संख्या आणि निघालेली संख्या एकच झाली की थांबायचे. तक्ता जवळ नसेल तर एक्सेलमध्ये `=T.INV.2T(0.05,18)` लिहिले की अठरा डिग्रीज ऑफ फ्रीडमचा टी मिळतो. सुरुवात कुठूनही केली तरी या उदाहरणात शेवट बदलत नाही. चाचणीतल्या आठ उसांचा टी २.३६५ घेतला, तर पहिले उत्तर २७ येते, पण पुढच्याच फेरीत ते २१ वर उतरते.

संख्या लहान असली की आकडे कधी कधी स्थिरावत नाहीत. चालणाऱ्या चुकीशी प्रमाण विचलनाचे गुणोत्तर ०.८४ च्या आसपास असेल, तर पाच घातल्यावर सहा येतात आणि सहा घातल्यावर पाच. अशा वेळी मोठी संख्या घ्यावी. सहा नमुन्यांना पाचच लागतात, म्हणजे सहा पुरतात. पाच नमुन्यांना मात्र सहा लागतात, म्हणजे पाच अपुरे पडतात.

एकवीस ही संख्या हाती आली, तरी तिच्या पोटातली एक गोष्ट नजरेआड करून चालत नाही. फेऱ्या कितीही केल्या तरी s बदलत नाही, आणि तो आठच उसांवरून आलेला आहे. ब्रिक्सची विभागणी सामान्य वितरणाला धरून आहे असे मानले, तर आठ नमुन्यांवरून खऱ्या प्रमाण विचलनाबद्दल ९५ टक्के विश्वासाने एवढेच म्हणता येते की ते ०.७२ ते २.२२ यांच्या दरम्यान आहे. खालच्या टोकाला लागणारे नमुने ११ आणि वरच्या टोकाला ७९. एकविसाचा नेटका आकडा या एवढ्या मोठ्या पट्ट्यातला एक बिंदू आहे. प्रत्यक्ष एकवीस ऊस मोजल्यावर प्रमाण विचलन १.२५ निघाले, तर चुकीची मर्यादा ०.५ न राहता ०.५७ होते. हे घडल्याचे ओळखणे सोपे आहे: सगळे नमुने झाल्यावर मर्यादा नव्या प्रमाण विचलनाने पुन्हा काढायची आणि ठरवलेल्या मर्यादेशी ताडून पाहायची.

हमीच हवी असेल तर वेगळा मार्ग आहे. चार्ल्स स्टाइन यांनी १९४५ साली दोन टप्प्यांची पद्धत मांडली. तीत टी बदलत नाही. चाचणीच्या डिग्रीज ऑफ फ्रीडमचाच, म्हणजे इथे सातचा २.३६५, शेवटपर्यंत धरतात. उत्तर २७ येते. आठ ऊस झालेले आहेत, आणखी एकोणीस घ्यायचे. सरासरी सत्तावीसही उसांची काढायची, पण प्रमाण विचलन चाचणीतलेच वापरायचे. सामान्य वितरणाचे गृहीतक खरे असेल, तर या रीतीने अर्ध्या अंशाची मर्यादा ९५ टक्के विश्वासाने पाळली जाते, प्रमाण विचलन काहीही असो. सहा जादा उसांची किंमत या हमीसाठी मोजावी लागते. चाचणी आठऐवजी पंधरा-वीस उसांची केली तर दोन्ही पद्धतींतले अंतर बरेच कमी होते.

या हिशोबाला आणखी एक अट आहे: नमुने एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. एकाच बेटातले ऊस एकमेकांसारखे असतात, म्हणून बांधाजवळच्या दोन-तीन बेटांतून आठ ऊस उपटले, तर प्रमाण विचलन खोटे लहान दिसते आणि संख्या फसवी निघते. शिवाय पक्व न झालेल्या उसाच्या बुंध्याकडे ब्रिक्स जास्त आणि शेंड्याकडे कमी असतो. त्यामुळे रस प्रत्येक उसाच्या त्याच भागातून घ्यावा लागतो. कुठे शेंडा, कुठे बुंधा असे झाले, तर जी चूक शिरते ती एकवीस काय, दोनशे ऊस मोजूनही निघत नाही.