फिरत्या व्यासपीठावरचा चेंडू

व्यासपीठ फिरत असता त्याच्या मध्यभागी उभे राहून कडेला बसलेल्या सोबत्याकडे नेमका फेकलेला चेंडू वाटेत उजवीकडे का कलतो, याची कारणे जमिनीवरचा प्रेक्षक आणि व्यासपीठावरचा फेकणारा निरनिराळी सांगतील. परंतु चेंडू किती चुकला याच्या हिशेबात मात्र दोघांचे उत्तर एकच आले पाहिजे.

व्यासपीठाची त्रिज्या ३ मीटर आहे, वरून पाहता ते घड्याळाच्या उलट दिशेने १० सेकंदांत एक फेरा घेते आणि चेंडूचा वेग सेकंदाला ६ मीटर आहे, असे धरू. जमिनीवरून पाहणाऱ्याच्या मते हातातून सुटलेल्या चेंडूवर आडवे बल मुळीच नाही. तो सरळ रेषेत अर्ध्या सेकंदात कडेपाशी पोहोचतो, आणि तेवढ्या अवधीत व्यासपीठ १८ अंश फिरल्यामुळे सोबतीच सुमारे ९४ सेंटिमीटर डावीकडे सरकलेला असतो.

फेकणाऱ्याला सोबती जागच्या जागी दिसतो, म्हणून न्यूटनचे नियम राखायचे तर त्याला चेंडूवर एक आडवे बल मानावे लागते. त्याचे त्वरण परिवलनाच्या कोनीय वेगाच्या आणि चेंडूच्या वेगाच्या गुणाकाराच्या दुप्पट, म्हणजे येथे सेकंदाला सेकंदामागे साडेसात मीटर धरले, की अर्ध्या सेकंदात तेच ९४ सेंटिमीटर पदरात पडतात. ही दुप्पट कोठून येते, हाच माझ्या मते साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. चेंडूच्या वेगाची दिशा व्यासपीठावरून पाहता सतत मागे वळत राहते, हा पहिला वाटा. आणि चेंडू जसजसा कडेकडे जातो तसतशी त्याच्याखालची फळी अधिकाधिक वेगाने पुढे पळते, हा तितकाच दुसरा. गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिस याने १८३५ मध्ये फिरत्या यंत्रांच्या अभ्यासात हे बल मांडले; व्यासपीठावर स्थिर ठेवलेल्या वस्तूला ते लागू होत नाही, तिच्या वाट्याला केवळ केंद्रोत्सारी बल येते.

आता कडेवरच्या सोबत्याने चेंडू केंद्राकडे फेकला, तर फळीपासून मिळालेला सेकंदाला १.९ मीटरचा आडवा वेग चेंडू बरोबर घेऊन निघतो, आणि केंद्राच्या उजवीकडून सुमारे ९० सेंटिमीटर अंतरावरून निघून जातो. बाहेर फेका वा आत, कल उजवीकडेच. या बलाला आभासी म्हणण्याचा दाखला असा, की ते लावणारी वस्तू कोठेही सापडत नाही, आणि त्याची प्रतिक्रिया कोणावरही होत नाही. शिवाय ते नेहमी वेगाला काटकोनात असल्यामुळे चेंडूच्या ऊर्जेत काडीचीही भर घालत नाही.

पृथ्वी या व्यासपीठाहून सुमारे साडेआठ हजार पट मंद फिरते, आणि मुंबईच्या अक्षांशावर तिच्या परिवलनाचा जेमतेम तिसरा हिस्सा आडव्या गतीवर परिणाम करतो. तेव्हा तोच चेंडू तेथे अर्ध्या सेकंदात मिलिमीटरच्या सुमारे अठ्ठाविसाव्या भागाइतका ढळेल. मोरीतल्या भोवऱ्याची दिशा याने ठरते, ही समजूत म्हणूनच टिकत नाही. अरबी समुद्रावरच्या चक्रीवादळातील वारा मात्र दिवसच्या दिवस आणि शेकडो किलोमीटर वाहत असतो, त्यामुळे तेथे हाच क्षुल्लक कल साचत जाऊन वादळाला घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतो.