नुसता निकालपत्रकाचा फोटो आला तर आधी काय विचारायचं?



दिवाळीच्या आधी-नंतर आणि 1 मेच्या सुमाराला आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर एक गोष्ट हमखास येते. मुलाच्या प्रगतीपत्रकाचा फोटो. बहुतेक वेळा त्यासोबत एक अक्षरही नसतं. कधी तो सीआरपी ताईंना येतो, कधी गटाच्या सचिवाला, कधी सरळ गटाच्या व्हॉट्सॲपवर.

फोटो पाठवणाऱ्या ताईंना काहीतरी हवं असतं, पण काय ते लिहिणं जमत नाही. मराठी टाईप करायला वेळ लागतो, फोन नवऱ्याचा नाहीतर मुलाचा असतो, किंवा "एवढंही कळत नाही का" असं कुणी म्हणेल अशी भीती असते. मग फोटो पाहणारी आपल्या मनाने ठरवते आणि उत्तर देऊन टाकते. नेमकं तिथेच चुकतं.

असा फोटो चार कारणांनी येतो. एक, कार्डावर काय लिहिलंय ते समजून घ्यायचं असतं. दोन, टक्के काढून हवे असतात. तीन, शिक्षकांना चिठ्ठी लिहून हवी असते. आणि चार, काहीच नको असतं, लेकराचं कौतुक सांगायचं असतं. चौघींचा फोटो सारखाच दिसतो, उत्तर मात्र चार प्रकारचं लागतं.

एका कार्डाची गोष्ट

आपल्या भागातल्या एका गावातला प्रसंग सांगते. ओळख कळू नये म्हणून आकडे थोडे बदलले आहेत. मुलगी सातवीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. पहिल्या सत्राचं कार्ड. आईने गटावर फोटो टाकला, सोबत काही नाही. दहा मिनिटांत एका मैत्रिणीने हिशोब करून उत्तर दिलं, "71 टक्के!" मग टाळ्या, फुलं, अभिनंदन. आई गप्प बसली.

कार्डावर काय होतं ते बघू. सातवीत प्रत्येक विषयाचे 100 गुण दोन भागांत असतात. पहिला भाग 'आकारिक', तो 40 गुणांचा. सत्रभर वर्गात केलेलं काम, तोंडी उत्तरं, प्रकल्प, वही, छोट्या चाचण्या यांचे हे गुण. दुसरा भाग 'संकलित', तो 60 गुणांचा. ही सत्राच्या शेवटची परीक्षा, तोंडी आणि लेखी मिळून. (पहिली-दुसरीत हे प्रमाण 70 आणि 30 असतं, पुढे परीक्षेचा भाग वाढत जातो.)

मुलीचे गुण असे होते:

मराठी: 34 + 38 = 72
हिंदी: 33 + 36 = 69
इंग्रजी: 31 + 27 = 58
गणित: 32 + 14 = 46
सामान्य विज्ञान: 33 + 34 = 67
सामाजिक शास्त्रे: 34 + 36 = 70

याशिवाय कला 88, कार्यानुभव 86 आणि शारीरिक शिक्षण 84.

टक्के हवे असतील तर

टक्का म्हणजे शेकडा. गटात आपण "शेकडा दोन रुपये व्याज" म्हणतो ना, तसंच. शंभराच्या मागे किती, एवढाच प्रश्न. वरच्या सहा विषयांची बेरीज 382 होते, एकूण गुण 600. सहा शंभर आहेत, म्हणून 382 ला 6 ने भागा. उत्तर 63.67 टक्के.

मग मैत्रिणीचे 71 कुठून आले? तिने कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणही धरलं. नऊ विषयांची बेरीज 640, एकूण 900, म्हणून 71.11 टक्के. दोन्ही हिशोब बरोबर आहेत, पण विषय वेगळे धरलेत. श्रेणीसुद्धा त्यामुळे बदलते. 61 ते 70 ला ब-2 आणि 71 ते 80 ला ब-1.

म्हणून टक्के काढण्याआधी एकच विचारायचं, "कशासाठी हवेत?" घरी सांगायला हवे असतील तर कसेही काढा, फक्त कोणते विषय धरले ते सांगा. फॉर्मसाठी हवे असतील तर आपण काढलेला आकडा लिहायचा नाही. शाळेने कार्डावर किंवा दाखल्यावर दिलेलाच आकडा लिहायचा. शिवाय कोणत्या परीक्षेचे टक्के मागितलेत तेही बघायचं.

उदाहरण सांगते. आठवीत असताना एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा देता येते. सरकारी, अनुदानित आणि स्थानिक संस्थांच्या शाळेतली मुलं तिला बसू शकतात. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. त्यासाठी सातवीला किमान 55 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना 50. पण हे टक्के सातवीच्या वर्षअखेरच्या निकालाचे. दिवाळीच्या कार्डाचे टक्के तिथे चालत नाहीत. म्हणजे या ताईंना फॉर्मसाठी टक्के हवे असते, तर खरं उत्तर होतं, "अजून मे महिन्यापर्यंत थांबा."

गुण समजून घ्यायचे असतील तर

दोन दिवसांनी त्या आईला फोन केला आणि विचारलं, "फोटो पाहिला, तुम्हाला काय बघून हवं होतं?" त्या म्हणाल्या, "गणितात 14 दिसतंय आणि 46 पण दिसतंय. पोरगी पास आहे का नापास?"

म्हणजे त्यांची नजर बरोबर जागी गेली होती. टक्के त्यांना नकोच होते.

46 हा आकडा क-2 श्रेणीचा, 41 ते 50 मधला. पाहणाऱ्याला वाटतं, चला, निघाली. पण आत बघा. वर्गातल्या कामाला 40 पैकी 32 आहेत आणि परीक्षेत 60 पैकी फक्त 14. शंभरावर नेलं तर पहिल्या भागात 80 टक्के आणि दुसऱ्यात 23 टक्के. बेरजेने हा खड्डा झाकला जातो.

सातवीत यामुळे मुलीला मागे ठेवत नाहीत. पण पुढच्या वर्षी ती आठवीत जाईल. महाराष्ट्रात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत प्रत्येक विषयात 35 टक्के मिळवावे लागतात. पाचवीला 50 पैकी 18, आठवीला 60 पैकी 21. कमी पडले तर पुन्हा परीक्षा होते, तिथेही कमी पडले तर त्याच वर्गात राहावं लागतं. आकारिकचे 32 तिथे मदतीला येत नाहीत. आज 14 आहेत, उद्या 21 लागणार. आईच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे होतं, आणि टाळ्यांमध्ये ते राहून गेलं.

कार्डावर आणखी एक रकाना असतो, तो आपण सोडून देतो. हजेरीचा. या मुलीची सप्टेंबरची हजेरी 24 पैकी 13 दिवस होती. सोयाबीन काढणीला आई जात होती आणि लहान भावाला सांभाळायला ती घरी होती. त्या दिवसांत वर्गात जे शिकवलं तेच परीक्षेत आलं असेल, तर 14 चं कारण कळतं. हजेरी चांगली असती तर कारण दुसरीकडे शोधावं लागलं असतं. फळ्यावरचं दिसतं का, पाढे कच्चे आहेत का, की लेखी परीक्षेत वेळ पुरत नाही.

काही शाळा कार्डावर फक्त श्रेणी देतात. तेव्हा फोटोवरून एवढं सांगता येत नाही. "आकारिक आणि संकलितचे वेगळे गुण बघायचेत" असं शाळेत जाऊन विचारावं लागतं.

शिक्षकांना लिहायचं असेल तर

त्या आईला शेवटी चिठ्ठीच हवी होती, पण आपणहून सांगायला धीर होत नव्हता. चिठ्ठी मात्र आईने "हो" म्हटल्याशिवाय कुणी लिहू नये आणि परस्पर पाठवू नये. शिक्षकांना ती तक्रार वाटली तर त्रास मुलीला होतो.

चिठ्ठी लहान ठेवा. गुण लिहा, आपल्याला माहीत असलेलं कारण लिहा आणि एकच विनंती करा. त्या ताईंसाठी अशी लिहिली:

"माननीय वर्गशिक्षक, सा. न. वि. वि. माझ्या मुलीला पहिल्या सत्रात गणितात आकारिक 32 आणि संकलित 14 गुण मिळाले आहेत. सप्टेंबरमध्ये घरच्या अडचणीमुळे ती बरेच दिवस गैरहजर होती. तिची गणिताची उत्तरपत्रिका मला बघायला मिळावी आणि कोणते धडे पुन्हा करायला हवेत ते सांगावे, ही विनंती. मी शनिवारी शाळा सुटताना येऊ शकते. आपली,"

खाली मुलीचं नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक आणि आईची सही. लिहून झाल्यावर आईला मोठ्याने वाचून दाखवली. "बरेच दिवस" हा शब्द राहू द्यायचा का, हे तिला विचारलं. तिने राहू द्या म्हटलं, मगच सही केली.

सातवीच्या गणितात 'बँक व सरळव्याज' असा एक धडा आहे. तो आला की मुलीला गटाची कर्जवही दाखवा. मुद्दल, दर आणि मुदत त्यात खरीखुरी लिहिलेली असते.

फोटो पाठवताना आणि मिळाल्यावर

पाठवणाऱ्या ताईंनी कार्डाच्या चारही कडा दिसतील असा फोटो काढावा, गुणांचं पान आणि हजेरीचं पान दोन्ही. आधार नंबर आणि विद्यार्थी क्रमांक असेल तिथे कागद ठेवून झाकावा. फोटो सगळ्या गटावर न टाकता एकीलाच पाठवावा, कारण गुण मुलाचे आहेत आणि गावभर होतात. सोबत टाईप करू नका, आवाज पाठवा: "सातवी, पहिलं सत्र, गणिताचं समजून सांगा." तेवढं पुरे.

फोटो मिळालेल्या ताईंनी हिशोबाला बसण्याआधी एवढंच विचारावं: "कार्ड मिळालं. समजून सांगू, टक्के काढू, की बाईंना चिठ्ठी लिहायची? का नुसतं दाखवायला पाठवलंत?" उत्तर आलं नाही तर फोन करा. "नुसतं दाखवायला" असं उत्तर आलं तर गणितातली कमी लगेच काढू नका. लेकराचं नाव घेऊन शाबासकी द्या, आणि काही बोलायचं असेल तर पुढच्या बैठकीनंतर आईला बाजूला घेऊन बोला.

— आपली क्षेत्र समन्वयक