एकच हिशेब, दोन फोन, दोन उत्तरं: ॲपचे नियम एकदा लिहायचे की दोनदा?

दिंद्रुडच्या एका शेतकऱ्याकडे अँड्रॉइड फोन आहे आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या त्याच्या मुलाकडे आयफोन. दोघांनी एकच ॲप उघडून अर्ध्या हेक्टर कापसाच्या पीक विम्याचा हप्ता पाहिला. एका फोनवर ८६२ रुपये आले, दुसऱ्यावर ८६३. ॲप काल्पनिक आहे, पण ही चूक अगदी अशीच घडू शकते.

कापसासाठी शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या जास्तीत जास्त ५ टक्के असतो. उदाहरणापुरती अर्ध्या हेक्टरची विमा रक्कम १७,२५० रुपये धरू. तिचे ५ टक्के म्हणजे ८६२ रुपये ५० पैसे. हे पैसे आता पूर्ण रुपयात आणायचे आहेत. अँड्रॉइडसाठी कोटलिन ही भाषा वापरतात, तर आयफोनसाठी स्विफ्ट. दोन्हींत एकेक ओळ पुरते:

```kotlin
val hissa = round(17250 * 5 / 100.0)           // 862.0
```

```swift
let hissa = (17250.0 * 5 / 100).rounded()      // 863.0
```

दोन्ही ओळी आपापल्या भाषेच्या नियमांप्रमाणे बरोबर आहेत. बरोबर अर्धा उरला की कोटलिनचं `round` जवळच्या सम संख्येकडे जातं, तर स्विफ्टचं `rounded` शून्यापासून दूर, म्हणजे इथे वर जातं. ८६१.५० रुपयांवर दोघांचंही उत्तर ८६२ आलं असतं, त्यामुळे अशी चूक चाचणीत सहज निसटते.

आणि नियम स्थिर कुठे राहतात? महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हप्ता फक्त १ रुपया झाला. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली आणि टक्केवारी परत आली. सोयाबीनला कमाल २ टक्के, कापसाला कमाल ५ टक्के, आणि विम्याचा मूळ दर त्याहून कमी असेल तर तेवढाच. हा ‘त्याहून कमी असेल तर’ एका टीमने लिहिला आणि दुसरीने विसरला, तर फरक रुपयाचा राहत नाही.

सामायिक मॉड्यूल म्हणजे काय

कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्ममध्ये हा हिशेब `commonMain` नावाच्या फोल्डरमध्ये एकदाच लिहितात. त्याच कोडपासून अँड्रॉइडसाठी नेहमीची लायब्ररी तयार होते आणि आयफोनसाठी फ्रेमवर्क. पडदे, बटणं, यादी हे सगळं दोन्हीकडे वेगळंच राहू शकतं. हप्ता किती, कोणत्या पिकाला कोणता दर, अर्जाची मुदत संपली का, एवढेच प्रश्न दोन्ही पडदे त्या एका मॉड्यूलला विचारतात. जेटब्रेन्स कंपनीने हे तंत्र नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थिर म्हणून जाहीर केलं.

खरी किंमत मोजावी लागते ती दोन भाषांमधल्या पुलावर. कोटलिनचं फ्रेमवर्क स्विफ्टला सहसा ऑब्जेक्टिव्ह-सी या जुन्या भाषेच्या मार्फत दिसतं, आणि त्या वाटेत काही गोष्टी गळतात. समजा, क्षेत्राच्या रकान्यात कुणी उणे संख्या टाकली आणि कोटलिनच्या फंक्शनने त्यावर एक्सेप्शन फेकलं. फंक्शनवर `@Throws` ही खूण नसेल, तर स्विफ्टला ते पकडता येत नाही आणि आयफोनवरचं ॲप तिथेच बंद पडतं. अँड्रॉइडवर तेच एक्सेप्शन पकडून नीट संदेश दाखवलेला असतो, म्हणून मॉड्यूल लिहिणाऱ्याला काही बिघडल्याचा पत्ताच लागत नाही. यावर साधा उपाय असा: हिशेबाच्या फंक्शनने एक्सेप्शन फेकण्यापेक्षा ‘क्षेत्र चुकीचं’ असं उत्तरच परत द्यावं.

आयफोनचा भाग तयार करायला मॅक लागतोच. आणि नियम एका जागी बदलला तरी दोन्ही ॲप वेगवेगळ्या स्टोअरमधून जातात. एक आज पोहोचेल, दुसरं दोन दिवसांनी. म्हणून दर कोडमध्ये न लिहिता सर्व्हरवरून आणावेत आणि मॉड्यूलमध्ये फक्त हिशेबाची रीत ठेवावी.

ड्रॉपबॉक्सचा अनुभव इथे उपयोगी आहे. कंपनीने २०१३ च्या सुमारास दोन्ही फोनसाठी सी++ मध्ये सामायिक कोड लिहायला सुरुवात केली आणि २०१९ मध्ये तो मार्ग सोडल्याचं जाहीर केलं. लागणारी साधनं स्वतः घडवणं आणि त्यातली माणसं टिकवणं, हे दोनदा लिहिण्यापेक्षा महाग पडत होतं. कोटलिनबाबत हा भार बराच हलका आहे, कारण अँड्रॉइडच्या लोकांना ती भाषा आधीच येते. आयफोनच्या टीमला मात्र ती शिकावी लागते. ती तयार नसेल तर मॉड्यूल अँड्रॉइडवाल्यांचीच मालमत्ता होऊन बसतं.

हप्त्याचा हिशेब वीस ओळींचा असेल, तर एवढा पूल बांधणं परवडणारं नाही. तेव्हा दोनदाच लिहावं, पण चाचणीची फाईल एकच ठेवावी. तिच्या प्रत्येक ओळीत विमा रक्कम, टक्केवारी आणि अपेक्षित उत्तर असावं. १७,२५०, ५, ८६३ ही ओळ त्या फाईलमध्ये असती, तर अँड्रॉइडची चाचणी पहिल्याच दिवशी नापास झाली असती. पिकं, हंगाम, मुदती आणि सवलती वाढून नियम काही हजार ओळींवर गेले आणि दर हंगामाला बदलू लागले, की मग सामायिक मॉड्यूल आपला खर्च भरून काढतं.