बेकरी दोघांची, नफा कोणाचा?

गोष्ट कल्पित आहे, पण असा हिशोब पाहिलेले लोक गावोगाव सापडतील. मिरजेतले दोन मित्र, सुधीर आणि अनिल. सुधीरकडे वडिलांच्या जमिनीचे पैसे आले होते, अनिलच्या हातात खारी आणि नानकटाई होती. सुधीरने आठ लाख घातले, अनिलने दोन. भट्टी बांधली, गाळा भाड्याने घेतला. कागद करावा असं अनिलच्या बायकोने एकदा सुचवलं, तर सुधीर म्हणाला, "वहिनी, आमच्यात कागद कशाला?"

अनिल पहाटे तीनला भट्टीवर हजर असायचा. सुधीर संध्याकाळी गल्ला मोजायला यायचा. घरखर्चासाठी अनिल महिन्याला बारा हजार उचलायचा. पीठ मळायचं यंत्र घ्यायची वेळ आली, तेव्हा सुधीरने भांडवलाव्यतिरिक्त आणखी एक लाख फर्मला उसने दिले. त्याला सहा महिने झाले आणि वर्ष संपलं. या उसन्या रकमेचं व्याज धरण्याआधी नफा निघाला ३,६३,००० रुपये.

तिथे बिनसलं. सुधीरचं म्हणणं, पैसा आठास दोन, तर नफाही तसाच, आणि उसन्या लाखावर बारा टक्के व्याज. म्हणजे त्याला २,९१,६०० आणि अनिलला ७१,४००. अनिल म्हणाला, "अरे, पहाटे उठतो कोण? आधी माझा महिना पंधरा हजार पगार धर, मग उरलेलं अर्धं-अर्धं." त्याच्या हिशोबाने त्याचे २,७१,५०० आणि सुधीरचे ९१,५००.

दोघांचंही ऐकलं की दोघेही बरोबर वाटतात. पण कायदा कोणाचंच ऐकत नाही. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याचं कलम १३ अशाच मंडळींसाठी आहे. भागीदारांत वेगळं काही ठरलेलं नसेल, तर नफा आणि तोटा समसमान. भांडवल कोणी किती घातलं, याने फरक पडत नाही. भांडवलावर व्याज नाही. काम कोणी कितीही करो, पगार नाही. भांडवलाव्यतिरिक्त दिलेल्या उसन्या रकमेवर मात्र वर्षाला सहा टक्के.

मग लाखावर सहा महिन्यांचे तीन हजार सुधीरला, आणि उरलेल्या ३,६०,००० चे दोन भाग. प्रत्येकी १,८०,०००. आता अनिलची उचल पाहा. वर्षाचे १,४४,००० त्याने आधीच घेतलेत, पगार नसल्यामुळे ती रक्कम त्याच्या वाट्यातूनच वजा होणार. हाती उरतात ३६,०००. पहाटेच्या भट्टीची किंमत इथे शून्य धरली जाते. मला हे कठोर वाटतं, पण न बोललेला पगार न्यायालयाने अंदाजाने ठरवावा, अशीही अपेक्षा करता येत नाही. उलट बाजूही आहे. चार लाख तोटा झाला असता, तर तोही निम्मा-निम्मा वाटला गेला असता, आणि अनिलचे दोन लाख पूर्ण बुडाले असते.

मात्र 'ठरलेलं' म्हणजे स्टँपपेपरवरचंच असं नाही. तोंडी करारही करारच, आणि दोघांच्या वागण्याच्या रीतीवरूनही तो सिद्ध होऊ शकतो. सुधीरने स्वतः वहीत दर महिन्याला 'अनिल, पगार, १२०००' असं लिहिलं असेल, तर त्या ओळी अनिलच्या बाजूने बोलतात. 'उचल' लिहिलं असेल, तर विरुद्ध. म्हणून वकील पहिल्या भेटीत वही आणि मोबाइलवरचे निरोप मागतो.

कोर्टाची वाटही अरुंद. फर्मची नोंदणी नसेल, तर कलम ६९ नुसार बेकरी चालू असताना अनिलला सुधीरकडून नफ्याचा वाटा दाव्याने मागता येत नाही. पावाची उधारी थकवलेल्या हॉटेलवालाही सुटतो, कारण अशा फर्मला त्याच्यावर वसुलीचा दावा करता येत नाही. मोकळी राहते ती एक वाट, भागीदारी मोडण्याची आणि हिशोब मागण्याची. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने तीही नोंदणी नसलेल्यांना जवळपास बंद केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. म्हणजे मित्रावर दावा करायचा, तर आधी बेकरी मोडायची.

मुदत ठरलेली नसलेली अशी भागीदारी कोणीही लेखी नोटीस देऊन मोडू शकतो. मग सामान विकून आधी मैद्याच्या दुकानदारासारख्या बाहेरच्यांचं देणं, नंतर सुधीरचे उसने लाख, नंतर दोघांचं भांडवल, आणि उरलं तर निम्मं-निम्मं. इथे भांडवल ज्याचं त्याला परत जातं. समसमान होतो तो नफा-तोटा.

भांडण याच टप्प्यावर आलं असेल, तर तारीख लिहून ठेवा. मोडलेल्या भागीदारीच्या हिशोबाचा दावा मोडल्यापासून तीन वर्षांच्या आतच लावावा लागतो.