रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

यूट्यूबवर चॅनल चालवणाऱ्या कुणीही दर महिन्याचे आकडे उतरवून वर्षभराचा एकच तक्ता करायला घेतला, की मार्च 2025 नंतर आलेख एकदम वर झेपावतो. निदान शॉर्ट्स करणाऱ्यांचा तरी. या उडीमागे प्रेक्षक वाढले असतीलच असं नाही.

31 मार्च 2025 पासून यूट्यूबने शॉर्ट्सचे व्ह्यूज मोजायची रीत बदलली. आता शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की एक व्ह्यू धरला जातो. किती वेळ पाहिला याची अट नाही. जुन्या पद्धतीची मोजणी बंद झालेली नाही, ती ‘एंगेज्ड व्ह्यूज’ या नावाने वेगळी मिळते. म्हणजे जुनं नाव नव्या मापाला मिळालं आणि जुनं माप नव्या नावाखाली गेलं. नाव पाहून रकाने जुळवले, तर इथेच घोटाळा होतो.

समजा, एका चॅनलच्या शॉर्ट्सना फेब्रुवारीत 40,000 व्ह्यूज होते आणि एप्रिलमध्ये 62,000 दिसले. वाढ 55 टक्के! पण एप्रिलचे एंगेज्ड व्ह्यूज 38,000 असतील, तर जुन्या मापाने प्रत्यक्षात 5 टक्के घट झाली आहे. संशय आला तर शेजारचा पाहण्याच्या एकूण वेळेचा रकाना बघावा. व्ह्यूज दीडपट आणि वेळ जिथल्या तिथे, असं असेल तर बहुधा मोजपट्टीच बदललेली असते.

म्हणून तक्त्यात दोन रकाने हवेत. ‘जुनं माप’ या रकान्यात मार्चपर्यंतचे व्ह्यूज आणि एप्रिलपासूनचे एंगेज्ड व्ह्यूज एकाखाली एक येतात. तुलना याच रकान्यावर करायची. ‘नवं माप’ एप्रिलपासून सुरू होतं. मार्चचा शेवटचा दिवस नव्या मोजणीत गेला, तेव्हा त्या ओळीशेजारी तशी नोंद करावी.

नव्या मापाच्या जानेवारी ते मार्चच्या जागी काय लिहायचं? पुष्कळजण तिथे 0 भरतात, कारण मोकळी जागा डोळ्यांना खुपते. एप्रिल ते जूनचे आकडे 62,000, 58,000 आणि 60,000 धरा. स्प्रेडशीटचं `AVERAGE` रिकाम्या घरांना वगळतं, त्यामुळे सरासरी 60,000 येते. तीन शून्यं भरली की तीच 30,000 होते. शून्याचा अर्थ ‘मोजलं, कुणी पाहिलं नाही’ असा आहे. इथे तर मोजलंच गेलेलं नाही.

एखाद्या महिन्याची फाइलच उतरवायची राहिली असेल, तर घर तेही रिकामंच दिसतं. पण ती पुन्हा उतरवता येते, जानेवारीचं नवं माप मात्र मागे जाऊन मिळत नाही. त्यामुळे शेजारच्या रकान्यात ‘फाइल नाही’ की ‘तेव्हा मोजणी नव्हती’, हे कारण लिहून ठेवावं आणि मूळ फाइलींना हात लावू नये.