चारने आणि सहाने, म्हणून चोवीसने?

संख्याज्ञानाच्या सरावपत्रिकेत एक प्रश्न हमखास असतो: ज्या संख्येला ४ ने आणि ६ ने भाग जातो, तिला २४ ने जाईलच का? बरीच मुले ४ × ६ = २४ म्हणून ‘हो’ लिहितात. ३६ घेऊन पाहा. तिला ४ ने भाग जातो, ६ ने जातो, पण २४ ने भागल्यास १२ उरतात.

कारण मूळ अवयवांत दिसते. ४ = २ × २ आणि ६ = २ × ३. दोन्हींत सामाईक अवयव एकच २, म्हणून मसावि २. गुणाकार करताना हा २ दोनदा मोजला जातो. तो एकदाच घेतला की लसावि मिळतो: २ × २ × ३ = १२. म्हणजे खात्री फक्त १२ ची.

८ आणि ९ ची जोडी मात्र वेगळी. ८ = २ × २ × २, ९ = ३ × ३; सामाईक मूळ अवयव नाहीच, मसावि १. इथे लसावि थेट ७२, आणि दोघांनी भाग जाणाऱ्या प्रत्येक संख्येला ७२ नेही जातो.

उत्तर पडताळायचे तर मसावि आणि लसावि यांचा गुणाकार करावा; तो मूळ दोन संख्यांच्या गुणाकाराएवढा यायला हवा: २ × १२ = ४ × ६. तीन संख्या असतील तर हा ताळा सहसा जुळत नाही.